सतरा आणि अठराच्या मधे

आमच्या गल्लीत असं बोलतात की पगारेबाईंनी स्वतःच्या बापाला कॉम्प्युटरच्या खेळात हरवलं, आणि त्या रागात म्हाताऱ्यानं बस सोडली, नोकरी सोडली, घर सोडलं आणि सायखेड्याला भावाकडे जाऊन बसला. भाजीवाल्या नवसाबाई तर स्कोरसुद्धा सांगतात. "पाच-तीन! पोरीनं पाच डाव मारले, बापानं तीन. मग काय, मानी माणूस. गेला निघून." कोथिंबिरीची जुडी टोपलीत आपटून त्या हे इतक्या खात्रीनं सांगतात, की वाटावं आठही डाव त्यांनी शेजारी बसून पाहिले.

तसं काही झालं नाही. कुणी कुणाला हरवलं नाही. कारभारीअण्णांनी नोकरी सोडली नाही, त्यांना काढलं. आणि कॉम्प्युटरनं तर आधी अण्णांच्याच बाजूनं कौल दिला होता. खरं एवढंच, की अण्णांना घालवणारा कागद पगारेबाईंनी छापला, आणि कारखान्यात नेऊन दिला तोही त्यांनीच.

मालन पगारे आम्हाला गणित शिकवतात. उंची बेताची, आवाज बारीक, पण फळ्यावर खडू असा वाजवतात की शेवटच्या बाकावरचासुद्धा सरळ बसतो. एम.एस्सी. झालेल्या आहेत. लग्न केलेलं नाही, आई लहानपणीच गेली, घरात त्या आणि अण्णा दोघंच. कुणी चुकीचं उत्तर दिलं तर रागावत नाहीत. "असं म्हणतोस? बरं. मग पुढं काय होतं बघू," म्हणतात आणि ते चुकीचं उत्तर धरून फळा भरत जातात. शेवटी तीन बरोबर पाच असं काहीतरी निघतं आणि आपलं आपल्यालाच तोंड लपवावं लागतं.

अण्णा म्हणजे बाईंचे वडील, कारभारी पगारे. सातपूरच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवायचे. बारीक अंगाचा, मोठ्या मिशांचा माणूस. बोलताना हातात स्टिअरिंग असल्यासारखे दोन्ही हात पुढं. "एकतीस वर्सं गाडी हाणली. कोंबडी नाय मारली कधी. कुत्रं नाय." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय, की 'कोंबडी' म्हटलं की 'कुत्रं' कधी येणार ते मला श्वासावरून कळायचं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

शाळेला सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर मिळाले, त्याला आता वर्ष होत आलं. शिकवायला कुणी तयार नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "गणित आणि कॉम्प्युटर एकच की!" आणि ते काम पगारेबाईंच्या गळ्यात पडलं. बाईंनी सुट्टीत पुस्तकं वाचून शिकून घेतलं आणि आम्हा नववी-दहावीच्या दहाबारा जणांचा गट केला. पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "तयार खेळ खेळायचे नाहीत. आपला आपण करायचा."

खेळ बाईंच्या घरातूनच आला. कारखान्याच्या आवारातून बस बाहेर काढायची, कशालाही न लावता. वरून बघितल्यासारखं चित्र. बस म्हणजे एक लांबट आयत. आवारात पिंपं, भिंती, आणि एक तीन चाकी टेम्पो, पुढून निमुळता, म्हणजे सहा कडांचा आकार. चालवणं, वळवणं, चित्र काढणं, धडक ओळखणं, असे प्रोग्रॅमचे चार भाग. सगळं पहिल्या ओळीपासून आमचं. चालवण्याचा भाग तपासायला अण्णा एका रविवारी येऊन बसले होते. "मागची चाकं पुढच्यामागं जात न्हाईत पोरहो, आतून जातात. आन् चाकामागं जे शेपूट उरतं ना, ते वळताना उलट्या अंगाला फेकतं. उजवीकडं वळला, तर शेपूट डावीकडं." त्यांनी खडूच्या डबीनं ते टेबलावर करून दाखवलं. बाईंनी ते समीकरणात बसवलं.

धडकेचा भाग मात्र आमच्याकडून बिघडला होता. आम्ही बसभोवती सरळ उभा-आडवा चौकोन कल्पायचो आणि तो दुसऱ्या चौकोनाला लागतो का बघायचो. बस सरळ असेपर्यंत ठीक. तिरकी झाली की तो कल्पनेतला चौकोन फुगायचा, आणि चार हात लांबच्या पिंपाला बस लागली म्हणून खेळ संपायचा.

बाईंनी त्या दिवशी खिडक्यांचे पडदे लावले, हातात टॉर्च घेतली आणि डस्टर आणि खोडरबर टेबलावर तिरके ठेवले. "हे दोन एकमेकांना लागलेत का? वरून न बघता सांगायचं. फक्त भिंतीवरच्या सावल्या बघायच्या." एका बाजूनं टॉर्च मारली, सावल्या एकमेकींत मिसळल्या. दुसऱ्या बाजूनं मारली, मिसळल्या. तिसऱ्या बाजूनं मारली आणि दोन सावल्यांच्या मधे उजेडाची एक पट्टी दिसली. "झालं. एका दिशेनं जरी उजेड आरपार गेला, तरी ते लागलेले नाहीत. बाकीच्या दिशा बघायचीसुद्धा गरज नाही. पण लागलेत असं म्हणायचं असेल, तर मात्र सगळ्या दिशांनी सावल्या मिसळल्या पाहिजेत. एकही दिशा सोडून चालणार नाही."

"सगळ्या दिशा म्हणजे किती, बाई? दिशा तर मोजता येत नाहीत," मी म्हटलं.

"आकाराला आत गेलेला खळगा नसेल, म्हणजे तो बहिर्वक्र असेल, तर मोजता येतात." वेगळ्या असलेल्या दोन अशा आकारांच्या मधून एक सरळ रेषा जातेच, आणि ती रेषा हळूहळू फिरवत नेली की दोघांपैकी कुणाच्या तरी एका कडेला समांतर होऊन बसते. म्हणून फक्त कडा बघायच्या. प्रत्येक कडेला काटकोनात एक अक्ष घ्यायचा, दोन्ही आकारांचे सगळे कोपरे त्या अक्षावर उतरवायचे, प्रत्येकाचा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात मोठा आकडा काढायचा. हीच सावली. बसच्या चार कडा, पण समोरासमोरच्या समांतर, म्हणून दोन अक्ष. टेम्पोच्या सहा कडा, त्यातल्या दोन जोड्या समांतर आणि तोंडाच्या दोन तिरक्या, म्हणून चार. एकूण सहा. नाव म्हणे विभाजक अक्षाचा सिद्धांत. आम्ही त्याला सहा सावल्या म्हणायचो.

पहिल्या दिवशी आम्ही फक्त बसचेच दोन अक्ष तपासले आणि टेम्पोच्या तिरक्या तोंडाशेजारून जाणारी बस उगाच धडकली म्हणून ओरडत बसलो. बाई म्हणाल्या, "फक्त बसवाल्याला विचारलंत. टेम्पोवाल्याचं कोण ऐकणार?" मग टेम्पोचे चार अक्ष घातले आणि खेळ बरोबर चालला.

हे झालं दिवाळीआधी. फेब्रुवारीत खरंच झालं.

दुपारी पावणेचारला, पाळी सुटल्यावर, अण्णांनी भरलेली बस आवारातून उजवीकडं वळवून बाहेर काढली. डाव्या हाताला कॅन्टीनच्या पायरीजवळ हारुनचा टेम्पो तिरका उभा होता, देवळ्याहून आणलेल्या कांद्याच्या गोण्या घेऊन. मागं उभा राहून भिकन नावाचा हमाल गोण्या उतरवत होता. बस गेली आणि टेम्पो मागं सरकला. भिकनचा उजवा पाय मागचं चाक आणि दगडी पायरी यांच्यामधे सापडला. घोट्याच्या वर कापावा लागला.

बसचं शेपूट टेम्पोच्या तोंडाला लागलं आणि टेम्पो ढकलला गेला, असं हारुन म्हणाला. "ब्रेक वढेल व्हता, साहेब. अल्ला की कसम. उभी गाडी अशी कशी जाईल मागं?" टेम्पोचा ब्रेक सैल होता, आपोआप गेला, असं अण्णा म्हणाले. "लागलं असतं तर मला कळलं असतं. एकतीस वर्सं..." आणि मग कोंबडी, आणि मग कुत्रं.

बसच्या अंगावर इतके ओरखडे होते की नवा कुठला न् जुना कुठला, देवाला ठाऊक. टेम्पोच्या तोंडाला रबर लावलेलं, त्यामुळं रंगही लागला नव्हता. पाळीच्या माणसांनी सांगितलं, आम्हाला काही जाणवलं नाही. पण त्या बसमधे छप्पर उडालं असतं तरी त्यांना जाणवलं नसतं, असा तिच्या इंजिनाचा आवाज. कारखान्यानं खात्यांतर्गत चौकशी लावली. अण्णांची चूक ठरली तर नोकरी जाणार, आणि भिकनला बसच्या विम्यातून भरपाई मिळणार. चूक ठरली नाही तर दोष हारुनच्या ब्रेकवर, आणि हारुनच्या टेम्पोचा विमा कधीच संपलेला. म्हणजे भिकनला काही नाही.

अण्णांनीच बाईंना म्हटलं, "तुझ्या त्या खेळात आपली गाडी घाल की. मी सांगतो तश्शी. यंत्र तर खोटं बोलणार नाय."

आवारात त्या दिवशी धूळ बसवायला टँकरनं पाणी मारलं होतं, त्यामुळं ओल्या मुरमात बसच्या मागच्या चाकांचे ठसे स्वच्छ उमटले होते, आणि टेम्पो आधी जिथं उभा होता तिथलेही. पंचनाम्यात टेपनं घेतलेली मापं होती. बाईंनी बसची लांबी-रुंदी, मागच्या चाकांमागं किती शेपूट उरतं, हे स्वतः जाऊन मोजलं. टेम्पोचे सहा कोपरे मोजले. हारुननं त्यांना टेपचं दुसरं टोक धरून दिलं, असं बाई नंतर म्हणाल्या.

मग खेळातली पिंपं काढली, भिंती काढल्या. राहिली बस आणि टेम्पो. बस ठशांवरून टप्प्याटप्प्यानं पुढं सरकायची आणि प्रत्येक टप्प्याला सहाही अक्षांवर सावल्या तपासल्या जायच्या, आणि सगळ्यात मोठी फट किती ते छापलं जायचं. आमचं मशीन एका टप्प्याला सेकंदभर घ्यायचं. आम्ही सगळे आणि अण्णा पडद्याकडं बघत होतो. पंधराव्या टप्प्याला फट एकवीस सेंटिमीटर. सोळाव्याला तेरा. सतराव्याला चार. अठराव्याला नऊ. एकोणिसाव्याला एकोणसाठ. बस निघून गेली.

"नाय लागली!" अण्णा खुर्चीतून उठले. "म्हनलं नव्हतं? चार सेंटिमीटर! चार म्हंजे... चार म्हंजे लय झालं!" आणि आम्हाला सगळ्यांना भेळ दिली.

बाईंनी कागद छापला आणि चौकशी करणाऱ्या साहेबांना दिला. पुढची गोष्ट मी चिमाजीकाकांकडून ऐकली. ते आमच्याच गल्लीत राहतात, त्याच कारखान्यात शिपाई आहेत, आणि चहाचा ट्रे धरून त्यांनी सगळी चौकशी ऐकलीय. "साहेबानं कागुद असा धरला, दोन बोटांनी, कडंला त्या भोकाच्या पट्ट्या लोंबतात ना, त्या बी फाडल्या नाय. म्हनतो, 'हे कॉम्प्युटरनं काढलंय?' बाई म्हनल्या, हो. 'कॉम्प्युटरनं स्वतः?' बाई म्हनल्या, हो. मंग साहेब म्हनतो, 'मग आता प्रश्नच मिटला.' हारुन उभा राहिला, म्हनला साहेब माझं... साहेब म्हनतो, 'तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे का?' घ्या! त्या बिचाऱ्याकडं धड ब्रेक हाय का नाय याचाच वांदा!" चिमाजीकाका साहेब झाले की हनुवटी वर करतात आणि हारुन झाले की खाली. निकाल पुढच्या सोमवारी लिहायचा ठरला.

बुधवारी बाईंनी आम्हाला त्याच कागदावरून एक आलेख काढायला दिला. सरावासाठी. टप्प्याचा आकडा आडवा, फट उभी. मी एकवीस, तेरा, चार असे ठिपके दिले, सरळ खाली उतरत गेले. मग नऊ, एकोणसाठ. ठिपके जोडताना मी सतरापासून अठरापर्यंत सरळ रेघ मारली.

बाई माझ्या मागं उभ्या होत्या. "ही रेघ कशावरून मारलीस?"

"दोन ठिपके जोडले, बाई."

"एकवीस, तेरा, चार. दर टप्प्याला आठ-नऊनं उतरतेय. मग एकदम चढली कशी?" त्यांनी कागद उचलला. मग प्रत्येक टप्प्याला कुठल्या अक्षावर फट सापडली ते त्यांनी बघितलं. पंधरा, सोळा, सतराला ती बसच्या आडव्या अक्षावर होती, म्हणजे टेम्पोचं तोंड बसच्या कुशीशेजारी. अठरा, एकोणिसाला बसच्या लांबीच्या अक्षावर, म्हणजे तोपर्यंत बसची मागची कड तोंडाच्या पुढं निघून गेली होती. नऊ सेंटिमीटर ही बाजूची फट नव्हतीच. मागची होती.

"टप्पा केवढा ठेवलाय आपण?"

"खेळातलाच, बाई. अर्धा मीटर."

अर्ध्या मीटरची उडी. सतराव्या टप्प्याला बसची मागची कड तोंडाच्या अलीकडे, अठराव्याला पलीकडे. मधलं आम्ही बघितलंच नव्हतं. सहा सावल्या अगदी बरोबर तपासल्या होत्या, पण फक्त ज्या क्षणी विचारलं त्या क्षणीच्या. मधल्या अंतरात काय झालं हे यंत्राला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं ते सांगत नाही.

बाईंनी टप्पा पाच सेंटिमीटर केला आणि सतरापासून अठरापर्यंत पुन्हा चालवलं. पाचला फट होती. दहाला होती. पंधराला एक सेंटिमीटरच्या आसपास, वीसला अर्ध्याहून कमी. पंचवीस सेंटिमीटरला सहाही सावल्या मिसळल्या. तीसला मिसळल्या. पस्तीसला मिसळल्या, आणि सगळ्यात कमी मिसळलेल्या अक्षावरसुद्धा दोन सेंटिमीटरांहून थोडं जास्त. चाळीसला मिसळल्या. पंचेचाळीसला मागून फट. बस गेली.

चार वेळा. अण्णांनी खडूच्या डबीनं दाखवलेलं तेच शेपूट.

आमच्यातल्या देवरामनं हळूच म्हटलं, "बाई, टेपची मापं आहेत. दोन सेंटिमीटर इकडं-तिकडं होऊच शकतं की."

"होऊ शकतं," बाई म्हणाल्या. "पण चार सेंटिमीटरची फट दाखवली तेव्हा मी टेपची चूक काढली नव्हती. कुणीच काढली नव्हती." मग म्हणाल्या, "घरी जा आता सगळे."

चार दिवस होते मधे. कागद साहेबांकडे होता, साहेब खूश होते, अण्णा खूश होते. कुणाला काही विचारायचं नव्हतं. बाई गुरुवारी शाळेत आल्या, शुक्रवारी आल्या, शिकवलं. खडू नेहमीसारखा वाजत नव्हता. शनिवारी दुपारी त्या सिव्हिल हॉस्पिटलात गेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. भिकनशी काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्याला वाटत होतं की मी कंपनीची माणूस आहे. उठून बसायला लागला."

रविवारी त्यांनी अण्णांना घरीच सांगितलं. तिथं काय झालं ते मला माहीत नाही, आणि नवसाबाई माहीत आहे म्हणतात, पण त्यांनाही नाही. सोमवारी बाई दुसरा कागद घेऊन कारखान्यात गेल्या.

चिमाजीकाका म्हणाले, "साहेब म्हनतो, 'आधी कॉम्प्युटर म्हणत होता नाही लागली, आता म्हणतो लागली. कॉम्प्युटरचं डोकं फिरलंय का?' बाई म्हनल्या, 'कॉम्प्युटरचं नाही, चूक माझी आहे. मी त्याला दोन जागा दाखवल्या, मधली जागा दाखवली नाही.' साहेब म्हनतो, 'बाई, ते तुमचे वडील आहेत ना?' बाई म्हनल्या, 'हो.' मंग चहा गार झाला सगळ्यांचा. मी बी ट्रे घिऊन तसाच उभा."

चिमाजीकाकांनी हे सांगताना हनुवटी वर केली नाही, खालीही केली नाही.

अण्णांना काढलं. ग्रॅच्युइटीतला काही भाग कापला. भिकनच्या भरपाईची फाइल निघाली. मिळेल म्हणतात, कधी, ते विमावाल्यांना ठाऊक. हारुन एक दिवस शाळेच्या फाटकाशी आला, दहा मिनिटं उभा राहिला, आत आला नाही. आणि अण्णा पत्र्याच्या पेटीत कपडे भरून सायखेड्याला गेले. जाताना बाईंना म्हणाले म्हणे, "यंत्र माझ्या बाजूनं व्हतं. तू नव्हती."

त्यानंतर बाई रोज शाळा सुटल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत बसायच्या. काही करायच्या नाहीत. टप्प्यांची यादी पडद्यावर काढायच्या आणि पुसायच्या. एकदा मी वही विसरले म्हणून परत गेले. खोलीत अंधारून आलं होतं आणि पडद्याचा हिरवा उजेड तेवढा त्यांच्या चष्म्यावर.

मला बोलायचं नव्हतं पण बोलून गेले. "बाई, अण्णा आता काही परत यायचे नाहीत."

"येतील."

"नाही यायचे. माझे काका आजोबांवर रागावून गेले, ते सात वर्षं आले नाहीत. आणि अण्णा तर..." मी मिशांवरून हात फिरवल्यासारखा केला आणि मग थांबले, कारण बाईंनी तिकडं बघितलं होतं.

"येतील," बाई पुन्हा म्हणाल्या. "माझ्यासाठी नाही. ते ड्रायव्हर आहेत. गाडीचा कुठला कोपरा लागला हे न बघता त्यांना झोप लागायची नाही. मी त्यांना आकडे सांगितले फक्त. दाखवलं नाही. त्यांनी बघायला नको म्हटलं. पण येतील."

"नाही येणार, बाई. पैज."

मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "कसली?"

कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ चालत नाही म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या असा नियम आहे, आणि दाराशी त्यांचा कायम ढीग पडलेला असतो. मी म्हटलं, "मी हरले तर महिनाभर सगळ्यांच्या चपला ओळीनं लावीन. तुम्ही हरलात तर..." आणि बाई हरल्या तर काय, हे मला काही केल्या सुचेना. त्या हरल्या तर आणखी काय करायचं राहिलं होतं?

"मी हरले तर बघू," बाई म्हणाल्या.

एकोणीस दिवस झाले. शनिवारची सकाळची शाळा सुटत होती. आम्ही नवा काही खेळ नव्हतो करत, बाई नुसतं त्रिकोणमितीचं कोष्टक छापायला शिकवत होत्या. दारात कुणीतरी उभं राहिलं. आधी मी ओळखलंच नाही, मिशा कापलेल्या होत्या. अण्णा चपला काढून आत आले, कुणाकडं बघितलं नाही, पडद्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पुढं धरले नाहीत.

"दाखव," म्हणाले. "कुठला कोपरा."

बाईंनी टेपरेकॉर्डर जोडून कॅसेटवर साठवलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरमधे चढवला. त्याला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं तो टेपरेकॉर्डर किंचाळत असतो. मग बस आली. बाई एक कळ दाबायच्या, बस पाच सेंटिमीटर सरकायची. अण्णा पुढं झुकले. पंचविसाव्या सेंटिमीटरला बसच्या कडेवर एक ठिपका लुकलुकायला लागला.

"थांबव."

बाई थांबल्या.

"मागं. डाव्या अंगाला." अण्णांनी बोट पडद्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही. "आरशात दिसतच नाय ते. आरसा तिथवर पोचत नाय, मालन."

"हो, अण्णा."

"पुढं घे."

तीस. पस्तीस. चाळीस. ठिपका प्रत्येक वेळी होता. पंचेचाळीसला गेला. अण्णा काही वेळ त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आन् भिकन कुठं उभा हाय यात?"

"यात भिकन नाही, अण्णा. मी घातला नव्हता."

अण्णांनी मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही. "परत लाव," म्हणाले. "सतरापासून."

बाईंनी परत लावलं. मग एकदा माझ्याकडं बघितलं, आणि त्यात जिंकल्याचं काही नव्हतं. त्यांनी नुसतं दाराकडं बोट केलं. मी उठले, बाहेर गेले आणि चपला ओळीनं लावायला घेतल्या.